निफ्टी वर गेला, तरी कॉल बुडाला: प्रीमियममधलं कालमूल्य ओळखायची रीत

ऑप्शनमध्ये नव्याने उतरलेल्या माणसाची पहिली तक्रार बहुतेक वेळा एकच असते. "निफ्टी वर जाणार म्हणालो, गेलाही, कॉल घेतलेला होता, मग पैसे गेले कुठे?" कुणी ब्रोकरवर संशय घेतो, कुणी 'ऑपरेटर'वर. खरं उत्तर त्याच्या स्क्रीनवरच असतं. अडचण एवढीच की स्क्रीन प्रीमियमचा, म्हणजे ऑप्शनच्या भावाचा, आकडा एकत्र दाखवते, त्याचे दोन भाग करून दाखवत नाही. ते भाग आपणच करायचे असतात. गणित चौथीच्या वजाबाकीचं आहे, पण ते प्रीमियम भरण्याआधी करायचं असतं.

हा लेख निफ्टीच्या साप्ताहिक ऑप्शनपुरता आहे आणि तोही विकत घेणाऱ्याच्या बाजूने लिहिलेला आहे. आकडे उदाहरणासाठी मांडलेले आहेत, पण एकमेकांशी जुळणारे आहेत. बाजार दिवसाला साधारण १८० अंकांची हालचाल धरून चालला असेल, तर असेच भाव दिसतात.

## काय जवळ हवं

नुसतं शिकण्यासाठी खातं उघडायची गरज नाही. लागतात त्या तीन गोष्टी: nseindia.com वरचं ऑप्शन चेनचं पान, एक कोरी स्प्रेडशीट आणि एक पूर्ण आठवडा. रोज ठरावीक वेळी तेच दोन-तीन स्ट्राइक लिहून ठेवायचे, बस. बदलापूर-सीएसएमटी प्रवासात हे काम आरामात उरकतं.

प्रत्यक्ष सौदा करायचा झाल्यास डिमॅट आणि ट्रेडिंग खात्याबरोबर ब्रोकरकडे एफ अँड ओ, म्हणजे फ्यूचर आणि ऑप्शनचा, सेगमेंट सुरू करून घ्यावा लागतो. त्यासाठी पॅन आणि उत्पन्नाचा पुरावा मागतात. सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट, आयटीआरची पावती, फॉर्म १६, पगाराची स्लिप किंवा डिमॅटमधल्या शेअर्सचं होल्डिंग स्टेटमेंट, यांपैकी एक सहसा पुरतं. निफ्टीचा लॉट, म्हणजे एका सौद्यातली कमीत कमी संख्या, सध्या ६५चा आहे. हा आकडा मधूनमधून बदलतो (२०२४च्या नोव्हेंबरपर्यंत २५ होता, मग ७५ झाला), म्हणून सौदा टाकण्याआधी कराराच्या तपशिलात पाहून घ्या. साप्ताहिक एक्स्पायरी, म्हणजे करार संपण्याचा दिवस, सप्टेंबर २०२५पासून मंगळवारी आहे. मंगळवारी सुट्टी आली तर ती आदल्या कामकाजाच्या दिवशी होते. जुने व्हिडिओ पाहून गुरुवार धरून बसू नका. गुरुवार आता बीएसईच्या सेन्सेक्सचा.

## १. प्रीमियमची फोड करा

बुधवार, सकाळी दहा. निफ्टीचा स्पॉट २५,०४० आहे आणि एक्स्पायरी पुढच्या मंगळवारी.

स्पॉट म्हणजे निफ्टीचा चालू आकडा, स्ट्राइक म्हणजे करारात ठरलेला. कॉलचं आंतरिक मूल्य म्हणजे स्पॉट वजा स्ट्राइक. उत्तर उणे आलं तर शून्य धरायचं. एक्स्पायरी याच क्षणी झाली असती तर हातात काय पडलं असतं, तेवढंच हे मूल्य. निफ्टी पडल्यावर वाढणाऱ्या पुटसाठी उलट, स्ट्राइक वजा स्पॉट. प्रीमियममधून आंतरिक मूल्य काढून घेतल्यावर उरतं ते कालमूल्य, ज्याला बाजारात सगळे टाइम व्हॅल्यूच म्हणतात.

शीटमध्ये B1 या चौकटीत स्पॉट टाका, चौथ्या ओळीपासून A मध्ये स्ट्राइक आणि B मध्ये कॉलचा भाव. मग:

```
C4: =MAX(0,$B$1-A4)
D4: =B4-C4
```

C मध्ये आंतरिक मूल्य येईल, D मध्ये कालमूल्य. पुटसाठी C मधलं सूत्र `=MAX(0,A4-$B$1)` करा.

आपल्या बुधवारच्या सकाळी चार कॉल असे दिसतात:

| स्ट्राइक | प्रीमियम | आंतरिक मूल्य | कालमूल्य |
|---|---|---|---|
| २४,६०० | ४९० | ४४० | ५० |
| २५,००० | १९३ | ४० | १५३ |
| २५,२०० | १०० | ० | १०० |
| २५,६०० | १६ | ० | १६ |

शेवटच्या रकान्यावर जरा थांबा. सगळ्यात महाग कॉल ४९०चा, पण त्यात 'हवा' फक्त पन्नासची. १०० रुपयांचा कॉल स्वस्त वाटतो, पण तो शंभरच्या शंभर कालमूल्य आहे. आणि कालमूल्य सर्वांत जास्त आहे ते स्पॉटच्या जवळच्या स्ट्राइकला. कारण अनिश्चितता तिथेच सर्वाधिक आहे. २४,६००चा कॉल मंगळवारी पैशात, म्हणजे काहीतरी आंतरिक मूल्य घेऊन, संपणार हे जवळजवळ ठरल्यासारखं आहे, २५,६००चा संपणार नाही हेही जवळजवळ ठरलेलं. मधल्यांचं काय होणार ते कुणालाच सांगता येत नाही, आणि विकणारा पैसे घेतो ते या न सांगता येण्याचेच.

एक सावधगिरी. भाव घेताना LTP हा रकाना डोळे झाकून वापरू नका. तो शेवटच्या सौद्याचा भाव असतो, आणि स्पॉटपासून दूरच्या स्ट्राइकमध्ये तो सौदा बऱ्याच वेळापूर्वी, स्पॉट वेगळ्याच जागी असताना झालेला असू शकतो. BID म्हणजे घेणारा देऊ करतो तो भाव, ASK म्हणजे विकणारा मागतो तो. त्या दोघांच्या मधला भाव घ्या. त्या दोघांत फार अंतर असेल तर त्या स्ट्राइकचं कालमूल्य मोजण्यात अर्थ नाही आणि तो घेण्यातही नाही.

## २. कालमूल्य रास्त आहे का, ते अंदाजाने पडताळा

ऑप्शन चेनमध्ये IV नावाचा रकाना असतो. बाजार वर्षाला किती टक्के चढउतार धरून चालला आहे, हे तो सांगतो. वर्षाचा आकडा रोजच्या कामाचा नाही, म्हणून त्याला १६ने भागा. वर्षात कामकाजाचे दिवस अडीचशेच्या आसपास असतात आणि त्याचं वर्गमूळ सोळाच्या जवळ येतं, म्हणून १६. IV ११.५ असेल तर दिवसाला ०.७२ टक्के, म्हणजे २५,०४०वर सुमारे १८० अंक.

आता स्पॉटलगतच्या स्ट्राइकचं कालमूल्य साधारण एवढं असायला हवं:

```
0.4 × रोजची हालचाल × √(उरलेले कामकाजाचे दिवस)
```

चार दिवस उरले असतील तर ०.४ × १८० × २, म्हणजे १४४. एक दिवस उरला असेल तर ०.४ × १८० × १, म्हणजे ७२.

या दोन ओळींतच झिजण्याची सगळी गोष्ट आली. चार दिवसांवरून एका दिवसावर यायला तीन दिवस लागतात आणि तेवढ्यात १४४ मधले ७२ जातात. उरलेले ७२ शेवटच्या एकाच दिवसात. लोकलचा महिन्याचा पास रोज सारखाच सरतो, कालमूल्य तसं सरत नाही. सूत्रात दिवसांचं वर्गमूळ बसलेलं आहे, त्यामुळे उतार शेवटाकडे तीव्र होत जातो.

पण हा 'शेवटी धाडकन' वाला आलेख फक्त स्पॉटलगतच्या स्ट्राइकचा आहे, आणि बहुतेक ठिकाणी तो सगळ्याच ऑप्शनचा म्हणून दाखवतात. लांबच्या स्ट्राइकचं वागणं वेगळं. समजा निफ्टी बुधवारपासून २५,०४०वरच बसून राहिला. स्पॉटलगतचा २५,०५०चा कॉल बुधवारी १६६चा होता, तो शुक्रवारच्या बंदला १०५च्या आसपास येईल. म्हणजे एक तृतीयांशाहून थोडं जास्त गेलं. २५,६००चा कॉल १६वरून दीड-दोन रुपयांवर आलेला असेल. त्याचं जवळजवळ सगळं शुक्रवारीच संपलेलं, मंगळवारी झिजायला काही उरलंच नाही. "एक्स्पायरीला अजून वेळ आहे, धरून ठेवू" हे वाक्य सर्वांत जास्त ऐकू येतं ते याच स्वस्त कॉलबद्दल, आणि सर्वांत कमी लागू पडतं तेही त्यालाच.

## ३. एक कॉल आठवडाभर धरून पाहा

आता तो १०० रुपयांचा २५,२००चा कॉल, स्क्रीनवर २५,२०० सीई. घेणाऱ्याला वाटतं आहे निफ्टी वर जाणार, आणि त्याचं खरं ठरतं. आठवड्यात एकही दिवस निफ्टी खाली बंद होत नाही.

| वेळ | निफ्टी | प्रीमियम | आंतरिक मूल्य | कालमूल्य |
|---|---|---|---|---|
| बुधवार सकाळ | २५,०४० | १०० | ० | १०० |
| गुरुवार बंद | २५,०९० | ८५ | ० | ८५ |
| शुक्रवार बंद | २५,१३० | ७८ | ० | ७८ |
| सोमवार बंद | २५,१८० | ६४ | ० | ६४ |
| मंगळवार दुपार | २५,२१० | ४८ | १० | ३८ |
| मंगळवार तीन वाजता | २५,२२५ | ३४ | २५ | ९ |
| अंतिम सेटलमेंट | २५,२३० | ३० | ३० | ० |

निफ्टी १९० अंक वर, कॉल ७० रुपये खाली. ६५च्या लॉटवर ४,५५० रुपयांचा तोटा, ब्रोकरेज आणि कर सोडून.

मंगळवार दुपारची ओळ पुन्हा वाचा. निफ्टीने २५,२०० ओलांडला, कॉल 'पैशात' आला, ग्रुपवर अंगठे आणि फटाके पडले असतील. आणि तरीही आदल्या संध्याकाळपेक्षा प्रीमियम १६ रुपयांनी कमी. आंतरिक मूल्य दहा आलं खरं, पण त्याच वेळात कालमूल्याचे सव्वीस गेले. स्ट्राइक ओलांडणं म्हणजे फायदा नव्हे. घेतलेल्या भावाने फायद्याची रेघ २५,३००वर आहे, स्ट्राइक अधिक भरलेला प्रीमियम. ही रेघ एक्स्पायरीपर्यंत धरून ठेवणाऱ्यासाठी आहे. आधी विकणाऱ्याची रेघ रोज बदलते, आणि खरा उपयोगाचा हिशेब तोच.

## ४. दिशेऐवजी वेग विचारा

बहुतेक ब्रोकरच्या ॲपमध्ये ऑप्शन चेनवर ग्रीक्सचा पर्याय असतो. त्यातले दोनच आकडे घ्या. डेल्टा सांगतो, निफ्टी एक अंक हलला तर प्रीमियम किती हलेल. थीटा सांगतो, काहीच हललं नाही तर एका दिवसात प्रीमियम किती झिजेल. थीटाला डेल्टाने भागलं की उत्तर येतं: जिथे आहोत तिथेच राहायला निफ्टीने दिवसाला किती अंक चढायला हवं.

बुधवारी सकाळी आपल्या २५,२००च्या कॉलचा डेल्टा साधारण ०.३७ आणि थीटा १८च्या आसपास. भागाकार पन्नासच्या जरा खाली. म्हणजे कॉल शंभरवर टिकवायलाच निफ्टीने रोज जवळजवळ पन्नास अंक चढायचं, आणि फायदा त्याच्या वर. आपला निफ्टी बुधवार सकाळपासून गुरुवार बंदपर्यंत, पावणेदोन सत्रांत, पन्नास अंक चढला. दिशा बरोबर, वेग कमी.

शुक्रवारी बंदला हाच हिशेब पुन्हा केला तर चित्र आणखी कठीण होतं. निफ्टी २५,१३०वर, कॉल ७८चा, डेल्टा ०.४२. सोमवारी निफ्टी जागचा हलला नाही तर कॉल ४४वर येईल, म्हणजे ३४ गेले. भागाकार ऐंशी. सोमवारी निफ्टी ऐंशी अंक वर बंद झाला तरच ७८चे ७८ राहणार. सोमवारी तो पन्नास चढला, आणि कॉल ६४वर आला.

मला विचाराल तर कॉल घेण्याआधी हा एकच भागाकार पुरेसा आहे. आलेली संख्या पाहायची आणि स्वतःला विचारायचं, "निफ्टी वर जाईल का" असं नव्हे, तर "निफ्टी रोज एवढा वर जाईल का, आणि उद्यापासूनच?" उत्तर "हळूहळू जाईल" असं असेल, तर हा स्ट्राइक तुमच्यासाठी नाही, किंवा ही एक्स्पायरी नाही.

शनिवार-रविवारबद्दल एक गैरसमज इथेच मिटवून टाकू. "शुक्रवारी स्वतःकडे नसलेला ऑप्शन विकून ठेवा, दोन दिवसांची झीज फुकट मिळते" असा सल्ला फिरतो. सुट्टीत बाजार बंद असतो हे सगळ्यांनाच माहीत असतं, त्यामुळे शुक्रवारच्या भावातच ते बरंचसं धरलेलं असतं. वर मीही कामकाजाचे दिवसच मोजले आहेत, कॅलेंडरचे नाहीत. सुट्टीत मोठी बातमी आली तर सोमवार सकाळच्या उडीचा फटका मात्र विकणाऱ्यालाच बसतो.

## ५. त्याच मतावर दुसरे स्ट्राइक तपासा

निफ्टी मंगळवारी २५,२३०वर संपला. बुधवारी चारपैकी कुठला कॉल घेतला असता तर काय झालं असतं?

२४,६००चा कॉल ४९०ला घेतला, सेटलमेंट ६३०. फायदा १४०. निफ्टी १९० चढला, त्यातले पन्नास कालमूल्यात गेले, बाकीचे हातात आले.

२५,०००चा कॉल १९३ला, सेटलमेंट २३०. फायदा ३७.

२५,२००चा, १०० देऊन ३०. तोटा ७०.

२५,६००चा, १६ देऊन शून्य.

मत तेच, आठवडा तोच, बाजारही तोच. फरक पडला तो कालमूल्य किती विकत घेतलं यावर.

यावरून "मग नेहमी खोल पैशातला, म्हणजे आयटीएमच घ्यावा" असं कुणी म्हणेल. थांबा. २४,६००च्या एका लॉटला ३१,८५० रुपये लागतात, २५,२००च्या लॉटला ६,५००. आणि निफ्टी १९० वर जाण्याऐवजी १९० खाली, २४,८५०वर संपला असता, तर २४,६००चा कॉल २५० उरला असता. तोटा २४० रुपये, म्हणजे लॉटमागे १५,६००. २५,२००वाल्याचा तोटा शंभरावर थांबतो. आयटीएम कॉल जवळपास फ्यूचरसारखा, म्हणजे निफ्टीबरोबर अंकाला अंक हलणाऱ्या करारासारखा वागतो. झीज कमी, पण दिशा चुकली तर मार मोठा. कालमूल्य ही नुसती फुकट गेलेली रक्कम नसते, तोट्याला कुंपण घालण्याची ती किंमत असते. ती किती द्यायची, एवढंच आपल्या हातात आहे.

## ६. जिथे पाय घसरतो त्या जागा

मोठ्या बातमीआधी घेतलेला ऑप्शन. अर्थसंकल्प, रिझर्व्ह बँकेचं पतधोरण, निवडणुकीचा निकाल यांच्या आधी बाजार मोठी हालचाल धरून चालतो, IV वाढतो आणि कालमूल्य फुगतं. बातमी येऊन गेली की अनिश्चितता संपते आणि हे फुगलेलं कालमूल्य दिवस न सरताही उतरतं. ४ जून २०२४ला लोकसभेच्या निकालाच्या दिवशी निफ्टी जवळजवळ सहा टक्के पडला आणि बाजाराला अपेक्षित चढउतार मोजणारा इंडिया व्हिक्स दिवसभरात तिशीच्या वर गेला. दुसऱ्याच दिवशी तो विशीच्या खाली बंद झाला. निकालाच्या दुपारी घाबरून पुट घेतलेल्याला दिशेचा मार बसलाच, शिवाय IV उतरल्याचाही. पायरी दोनमधलं सूत्र इथे कामाला येतं. IV निम्मा झाला, की स्पॉटलगतचं कालमूल्यही निम्मं. उरलेले दिवस तितकेच असले तरी.

उणे कालमूल्य. शीट भरताना कधीतरी एखाद्या खोल पुटचं कालमूल्य उणे येईल आणि वाटेल, सापडली खाण. आपल्याच बुधवारच्या सकाळी २५,६००चा पुट, स्क्रीनवर २५,६०० पीई, ५४८ला दिसेल, आणि त्याचं आंतरिक मूल्य ५६०. बारा रुपये फुकट? नाही. निफ्टीचे ऑप्शन युरोपियन पद्धतीचे आहेत, एक्स्पायरीआधी ते बजावता येत नाहीत. ५६० आज मिळणार नाहीत, जे मिळायचं ते मंगळवारी. आणि मंगळवारपर्यंतचं व्याज धरून बाजार हिशेब करतो तो स्पॉटच्या थोडं वर, इथे सुमारे २८ अंक वर. फ्यूचरचा भाव स्पॉटपेक्षा सहसा वर दिसतो तो याच कारणाने. २५,०६८ धरून मोजलं तर पुट ५३२ने पैशात आहे आणि वरचे १६ कालमूल्य. बारा रुपयांचं कोडं तिथे सुटतं. याच कारणाने एकाच स्ट्राइकच्या कॉलचं आणि पुटचं कालमूल्य सारखं दिसत नाही, कॉलचं थोडं जास्त दिसतं. शीट चुकलेली नसते.

एक्स्पायरीची दुपार. मंगळवारी दोननंतर पाच-दहा रुपयांचे ऑप्शन घेण्याला बाजारात 'हिरो-झिरो' म्हणतात. त्या वेळी स्पॉटलगतच्या प्रीमियममध्ये कालमूल्य थोडंच उरलेलं असतं, पण जे असतं ते मिनिटांच्या हिशेबाने जातं. आपल्या तक्त्यात दुपारी ३८ होतं, तीन वाजता ९. चहा घेऊन येईपर्यंत निफ्टी तिथेच असतो, आणि प्रीमियम नसतो.

झीज खाणाऱ्या बाजूला बसायचा मोह. घेणाऱ्याचं जे झिजतं ते विकणाऱ्याच्या खिशात जातं, मग विकावंच ना? विकणाऱ्याचा फायदा मिळालेल्या प्रीमियमवर थांबतो, तोटा थांबत नाही. त्यासाठी मार्जिन, म्हणजे ब्रोकरकडे ठेवायची हमीची रक्कम, भरपूर लागतं, आणि सेबीच्या नोव्हेंबर २०२४पासूनच्या नियमाने एक्स्पायरीच्या दिवशी विकलेल्या इंडेक्स ऑप्शनवर आणखी दोन टक्के मार्जिन लागतं. पहिल्या आठवड्यांत या बाजूला फिरकू नका.

## ७. शेवटच्या तासात काय करायचं

कालमूल्य जवळपास शून्य झालं की हातात दोनच पर्याय उरतात: विकून टाकणं किंवा तसंच सेटल होऊ देणं.

निफ्टीचा ऑप्शन पैशात संपला तर काही करावं लागत नाही, तो आपोआप बजावला जातो आणि फरकाची रक्कम खात्यात जमा होते. शेअर येत नाहीत. सेटलमेंट होतं ते निफ्टीच्या अधिकृत बंद भावावर, साडेतीनला स्क्रीनवर चमकलेल्या शेवटच्या आकड्यावर नव्हे. दोन्हींत काही अंकांचा फरक पडू शकतो, आणि स्पॉट नेमका स्ट्राइकजवळ असेल तर त्या काही अंकांवरच सगळं ठरतं.

विकायचं असेल तर BID पाहा. शेवटच्या मिनिटांत आंतरिक मूल्य ३० असलेल्या कॉलला कुणी २६च देऊ करतं. घाई नसेल तर ते चार रुपये सोडायचं कारण नाही, पण सेटल होऊ दिल्यावरचा कर आधी पाहून घ्या. विकल्यावर एसटीटी हा सौद्यावरचा कर लागतो तो प्रीमियमवर आणि विकणाऱ्याला. बजावल्या गेलेल्या ऑप्शनवर तो घेणाऱ्याला लागतो, आणि आंतरिक मूल्यावर. सप्टेंबर २०१९च्या आधी तो सेटलमेंटच्या पूर्ण किमतीवर लागायचा, आणि दोन-पाच रुपयांनी पैशात संपलेल्या कॉलवर नफ्यापेक्षा कर जास्त व्हायचा. जुन्या लोकांच्या तोंडी असलेली 'पैशातला ऑप्शन कधीच सेटल होऊ देऊ नका' ही सूचना त्या काळातली आहे. कराचे दर अर्थसंकल्पात बदलत असतात, म्हणून ब्रोकरच्या चार्जेसच्या पानावर चालू दर पाहा आणि दोन्ही पर्यायांचा निव्वळ आकडा काढा.

हे सगळं निफ्टीपुरतं. एखाद्या कंपनीच्या शेअरचा ऑप्शन घेतला असेल तर गोष्ट पूर्ण बदलते. ऑक्टोबर २०१९पासून सगळ्या शेअर ऑप्शनचं सेटलमेंट प्रत्यक्ष शेअर देऊन-घेऊन होतं. कॉल एका रुपयाने जरी पैशात संपला, तरी पूर्ण लॉटच्या शेअर्सचे पैसे भरावे लागतात, आणि ते काही लाखांत जातात. पुट असेल तर तेवढे शेअर डिमॅटमध्ये हवेत. म्हणूनच महिन्याच्या एक्स्पायरीआधीच्या शेवटच्या दिवसांत ब्रोकर अशा सौद्यांवर मार्जिन वाढवत नेतात आणि ते भरलं नाही तर सौदा परस्पर कापतात. शेअरच्या ऑप्शनमध्ये कालमूल्य संपेपर्यंत थांबू नका. एक्स्पायरीच्या आठवड्याच्या आधीच त्यातून बाहेर पडा.